ओट्स, किवी आणि एका काकूंचं न साफ होणारं पोट : एक प्रकरण अभ्यास

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. त्यांना इथे नुसतं काकू म्हणते.

पार्श्वभूमी

काकूंचं वय 61, शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा-सून आणि नातवासोबत राहतात. पोट साफ न होण्याचा त्रास बरीच वर्षं, पण गेल्या वर्षभरात जास्त. आठवड्यातून एखाद-दोन वेळा काय ते नीट व्हायचं, बाकीच्या दिवशी अर्धा अर्धा तास बसून, कुंथून थोडंसं काहीतरी, आणि उठल्यावर "अजून आहे आत" ही भावना दिवसभर. मी त्यांना मलाच्या प्रकारांचा चित्रांचा तक्ता दाखवला, सात चित्रं असतात त्यात, तर त्यांनी पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या बघा, बकरीच्या लेंड्या."

आठवड्यातल्या चार-पाच रात्री सोनामुखीचं चूर्ण चालू होतं, त्याशिवाय होतच नाही अशी तक्रार. बाकी औषधांत बीपीची एक गोळी आणि कॅल्शियमची गोळी, तीही दुपारी जेवणानंतर न चुकता.

माझ्याकडे यायच्या आधी त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या हे बरं झालं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन नॉर्मल, दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी झालेली आणि तीही ठीक. रक्त पडत नाही, वजन घटलेलं नाही, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर नाही. पन्नाशीनंतर अचानक बद्धकोष्ठ सुरू झालं किंवा यातलं एक जरी लक्षण असलं तर किवी-बिवीच्या गप्पा मी सुरूच करत नाही, आधी डॉक्टर. इथे ती पायरी ओलांडलेली होती म्हणून पुढे गेलो.

नेमकी अडचण काय होती

सूनबाईंनी मनापासून प्रयत्न केले होते. कुठेतरी वाचलं की फायबर वाढवा, मग सासूबाईंना सकाळी मसाला ओट्स आणि रात्री भाकरीच्या ऐवजी परत ओट्स, भाज्या घालून खिचडीसारखे. तीन महिने हे चाललं होतं आणि फरक शून्य, उलट पोट फुगायचं. काकूंचा निष्कर्ष असा की "मला कशानेच होत नाही," आणि सूनबाईंचा असा की "आई पाणी कमी पितात म्हणून."

मी दोघींना समोर बसवून साधा हिशोब केला. मसाला ओट्सचं एक पाकीट साधारण 40 ग्रॅमचं, त्यात फायबर जेमतेम चार ग्रॅम. आणि हे ओट्स आले कुणाच्या जागी? सकाळच्या पोळी-भाजीच्या आणि रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम फायबर आहे, बाजरी आणि गव्हाच्या कणकेत 11 च्या आसपास. म्हणजे 55-60 ग्रॅम पिठाची एक भाकरी पाच-सहा ग्रॅम देऊन जाते. काकू आधी रात्री दीड भाकरी खायच्या. तर फायबर वाढवायला म्हणून आणलेल्या ओट्सनी फायबर प्रत्यक्षात कमी केलं होतं! पांढरा ब्रेड किंवा कॉर्नफ्लेक्स खाणाऱ्या माणसाने ओट्स सुरू केले तर फायबर वाढतं, भाकरी खाणाऱ्याचं वाढेलच असं नाही. हा सल्ला ज्या देशांतून येतो तिथलं ताट वेगळं आहे, एवढं साधं आहे ते.

सूनबाई जरा हिरमुसल्या. मी त्यांना म्हटलं, ओट्स वाईट नाहीत हो, कोलेस्टेरॉलसाठी त्यांचा पुरावा चांगला आहे, फक्त तुम्ही ज्या कामाला लावलेत त्या कामाचा पुरावा फार तुटपुंजा आहे.

ओट्सबद्दल चाचण्यांत काय सापडलं

बद्धकोष्ठासाठी ओट्सचं नाव निघालं की बहुतेक वेळा व्हिएन्नामधल्या एका अभ्यासाचा हवाला येतो, 2008-09 च्या सुमाराचा. तिथल्या एका दीर्घकालीन देखभाल केंद्रात राहणारी, जुलाबाची औषधं घेणारी 30 वयस्कर माणसं घेतली, त्यातल्या 15 जणांच्या रोजच्या जेवणात 12 आठवडे 7-8 ग्रॅम ओटब्रॅन, म्हणजे ओट्सचा कोंडा, मिसळला. त्या गटात जुलाबाच्या औषधांचा वापर 59 टक्क्यांनी बंद करता आला, दुसऱ्या गटात तो थोडा वाढलाच.

ऐकायला झकास, पण काही गोष्टी बघा. एक तर माणसं फक्त 30. दुसरं, तो कोंडा होता, पाकिटातले ओट्स नाही, आणि जेवणात जास्तीचा घातला होता, कशाच्या बदल्यात नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, मोजलं ते औषध किती सुटलं हे. देखभाल केंद्रात औषध द्यायचं की नाही हे बरंचसं नर्स-डॉक्टरांच्या हातात असतं, त्यामुळे "कोंडा चालू आहे ना, मग औषध थांबवून बघू" असं झालं तरी आकडा सुधारतो. घरी राहणाऱ्या, काकूंसारख्या, मनासारखं साफ होत नाही अशी तक्रार असलेल्या माणसांवर ओट्सची मोठी आणि नीट चाचणी माझ्या हाती लागलेली नाही.

असं का असावं त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. ओट्समधलं जे नावाजलेलं फायबर, बीटा-ग्लुकॅन, ते पाण्यात विरघळून चिकट होतं आणि मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते बऱ्यापैकी खाऊन टाकतात. त्यातून वायू होतो, काही उपयोगी आम्लंही होतात, पण शेवटपर्यंत पाणी धरून मल मऊ ठेवायला फारसं काही उरत नाही. इसबगोलाचं उलट आहे, त्याचा बुळबुळीतपणा जिवाणूंना सहजी पचत नाही म्हणून तो पाणी धरून थेट दारापर्यंत येतो. म्हणजे फायबर एवढा एक शब्द बघून भागत नाही, कोणतं फायबर ते विचारावं लागतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय इसबगोल. काकू म्हणाल्या, "ते करून झालं." काय केलं ते खोदून विचारल्यावर कळलं की रात्री एक छोटा चमचा अर्ध्या कप दुधात, चार दिवस, मग पोट फुगलं म्हणून बंद. लहान चमच्यात भुशी हलकी असल्यामुळे तीन-एक ग्रॅमच मावते. फायबर सप्लिमेंटवरच्या चाचण्यांचा 2022 चा एक मोठा एकत्रित आढावा आहे, 16 चाचण्या आणि बाराशेच्या वर माणसं, त्यात फायदा दिसला तो दिवसाला 10 ग्रॅमच्या वर आणि किमान चार आठवडे घेतल्यावर. म्हणजे काकूंनी इसबगोल "करून झालं" नव्हतंच, चाखून झालं होतं. पण त्यातच वायू वाढतो हेही दिसलंय, आणि काकूंची मुख्य कटकट फुगण्याची होती.

दुसरा पर्याय किवी. इथे पुरावा ओट्सपेक्षा नक्कीच बरा आहे. सगळ्यात मोठी चाचणी 2023 ची, न्यूझीलंड, इटली आणि जपान अशा तीन देशांत मिळून 184 माणसं. त्यात निरोगीही होते, बद्धकोष्ठवालेही, आणि बद्धकोष्ठासोबत आयबीएस, म्हणजे पोटदुखीचा आतड्याचा जुनाट विकार, असलेलेही. प्रत्येकाने चार आठवडे रोज दोन हिरव्या किवी खाल्ल्या आणि चार आठवडे रोज 7.5 ग्रॅम इसबगोल घेतलं, क्रम चिठ्ठीने ठरवलेला, मध्ये विश्रांती. मोजलं ते असं की आठवड्यात किती वेळा औषधाशिवाय, आपसूक, आणि पूर्ण झाल्याचं समाधान मिळून शौचाला झालं. किवीच्या काळात बद्धकोष्ठवाल्यांत ही संख्या आठवड्याला साधारण दीडने वाढली, आयबीएसवाल्यांत पावणेदोनच्या आसपास, आणि पोटाचा एकूण त्रासही कमी झाला.

दीड. हा आकडा मी काकूंना मुद्दाम दोनदा सांगितला. रोज सकाळी घड्याळ लावल्यासारखं होईल असं कुठलीच चाचणी म्हणत नाही.

अमेरिकेत मिशिगनला 2021 मध्ये झालेल्या चाचणीत दोन किवी, 100 ग्रॅम सुकवलेले प्लम आणि 12 ग्रॅम इसबगोल अशी तुलना केली, माणसं 79. तिथे तिन्हींनी फायदा झाला, त्यात किवी काही पुढे निघून गेली नाही. पण किवी खाणाऱ्यांत नाराज लोक आणि दुष्परिणाम सगळ्यात कमी. म्हणजे किवीचा मोठा गुण हा की लोक ती कुरकुर न करता खात राहतात, आणि बद्धकोष्ठात जे महिनोन्‌महिने चालू राहतं तेच कामाचं.

किवी नेमकं करते काय? नॉटिंगहॅमला निरोगी माणसांचे एमआरआय काढून बघितलं तर किवी खाल्ल्यावर लहान आतड्यात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पाणी वाढलेलं दिसलं. तिचं फायबर पाणी पिऊन भरपूर फुगतं हा एक भाग. ॲक्टिनिडिन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइमही तिच्यात असतं, त्याचा यात वाटा किती हे नक्की ठरलेलं नाही.

आता कडू भाग. या दोन्ही चाचण्यांना पैसा न्यूझीलंडच्या झेस्प्री या किवी विकणाऱ्या कंपनीचा होता. लगेच सगळं खोटं ठरत नाही, निकाल छापून समोर आहेत, पण हे माहीत असावं. शिवाय किवी खातोय हे खाणाऱ्यापासून लपवता येत नाही, खोटी किवी बनवता येत नाही, त्यामुळे "नवीन काहीतरी चालू केलंय" या भावनेचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. आणि पहिल्या चाचणीत इसबगोल 7.5 ग्रॅमच होतं, आढाव्यात जो डोस चालला त्याच्या खाली. ब्रिटनच्या आहारतज्ज्ञ संघटनेने 2025 मध्ये बद्धकोष्ठाच्या आहारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात किवी आहे, राय ब्रेड आहे, इसबगोल आहे, मॅग्नेशियम ऑक्साइड आहे, आणि नुसतं "भरपूर फायबरचा आहार घ्या" या सल्ल्याला पुरेसा पुरावा नाही असंही म्हटलंय. आम्ही सगळे वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय, त्यामुळे ते वाचून बऱ्याच जणांचे चेहरे पडले.

तिसरा पर्याय, डॉक्टरांना सांगून साखरेच्या जातीचं मल मऊ करणारं औषध. तो राखून ठेवला.

काय ठरलं आणि काय केलं

काकूंना फुगण्याचा त्रास जास्त आणि इसबगोलाबद्दल मनात अढी, म्हणून किवी आधी. लॅटेक्सची किंवा कुठल्या फळाची ॲलर्जी आहे का विचारलं, किवीने तोंडाला खाज येणारी माणसं असतात. मूत्रपिंडाचा आजार असता तर पोटॅशियममुळे, आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असतं तर व्हिटॅमिन के मुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिली नसती. यातलं काही नव्हतं.

पण लगेच सुरू केलं नाही. पहिले दोन आठवडे फक्त वही. तारीख, झालं की नाही, पूर्ण वाटलं की नाही, तक्त्यातलं कितवं चित्र, चूर्ण घेतलं का. काकूंना हा वेळकाढूपणा वाटला, पण मुळात किती होतं हेच माहीत नसेल तर वाढलं की नाही हे कसं सांगणार. त्या दोन आठवड्यांत चूर्णाशिवाय, पूर्ण समाधानाचं असं आठवड्याला सरासरी एकदाच झालेलं निघालं. याच काळात रात्रीची भाकरी परत आली, ओट्स सकाळी एकदाच राहिले. चूर्णासाठी एकच नियम, सलग तीन दिवस काही झालं नाही तरच.

मग किवी. रोज दोन, हिरव्या, साल काढून, एक सकाळी नाश्त्यासोबत आणि एक संध्याकाळी. पिवळ्या गराच्या किवीवरही एक छोटी चाचणी आहे आणि तिथेही फायदा दिसला, पण जास्त काम हिरवीवर झालंय आणि आपल्याकडे हिरवीच सहज मिळते.

पहिल्या आठवड्यात घोळ झाला तो पिकण्याचा. बाजारातून आणलेली किवी दगडासारखी, आंबटढाण, काकूंनी एक खाऊन दुसरी नातवाला दिली. केळ्यासोबत कागदी पिशवीत दोन-तीन दिवस ठेवायची, अंगठ्याने दाबल्यावर जरा दबली की खायची. मग सूनबाईंनी तिचा दुधात शेक केला, तो अर्ध्या तासात कडू झाला. ते त्या एन्झाइममुळे होतं, दुधातली प्रथिनं तुटतात. काकू म्हणाल्या, "फळ आणि दूध एकत्र घेऊ नये हे मी कधीची सांगतेय," आणि निदान या फळापुरतं मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. नंतर नुसती कापून, वर थोडं काळं मीठ.

काय झालं

पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्यात मल मऊ झाला, तक्त्यावर पहिल्या चित्रावरून तिसऱ्यावर. चौथ्या आठवड्यात पूर्ण समाधानाचं तीनदा झालं, चूर्ण एकदाच लागलं, आणि फुगणं कमी झालं असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. घरात आनंदीआनंद.

पण वही नीट बघितली तर तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कॅल्शियम संपलं." मुलगा गावाला गेलेला, गोळ्या आणायच्या राहिल्या, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे कॅल्शियम बंद. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी, विशेषतः कार्बोनेटच्या, बद्धकोष्ठ होतं हे प्रसिद्ध आहे. मग ही वाढ किवीची की गोळी सुटल्याची? दुसऱ्या आठवड्यातला मऊपणा गोळ्या चालू असतानाचा आहे, तेवढं किवीच्या खात्यात टाकता येतं. पुढचं खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून चार आठवड्यांनंतर दोन आठवडे किवी बंद ठेवून बघायचं ठरलं, खर्चाचा प्रश्नही होताच. रोज दोन किवी म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये, महिन्याला दोन हजाराच्या वर. आणि नेमकं त्याच आठवड्यात कॅल्शियमही परत सुरू झालं, कारण हाडांसाठी ते हवंच होतं. पूर्ण समाधानाचं तीनवरून दोनवर आलं. पुन्हा दोन गोष्टी एकत्र बदललेल्या.

शेवटी काकूच म्हणाल्या की इसबगोल नीट करून बघते. या वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून, पहिला आठवडा 4 ग्रॅम, मग 7, मग सकाळ-संध्याकाळ मिळून 11 ग्रॅम, प्रत्येक वेळी मोठा ग्लास भरून पाण्यात, घट्ट व्हायच्या आत प्यायचं आणि वर अजून थोडं पाणी. अर्ध्या कप दुधातलं इसबगोल घशात अडकण्याचीही भीती असते. गोळ्या दोन तास लांब. पहिले आठ-दहा दिवस पोट फुगलं, त्या वैतागल्याही, पण डोस हळू वाढवल्यामुळे सोडलं नाही. सहाव्या आठवड्याला, कॅल्शियम चालू असताना, आठवड्याला तीनदा, चूर्ण महिन्यातून एखाद वेळा. खर्च महिन्याला चार-पाचशे.

आता परत तेच प्रकरण आलं तर

कॅल्शियमचा प्रश्न किवीच्या आधी सोडवण्यासारखा होता. डॉक्टरांना विचारून गोळीचा प्रकार किंवा डोस बदलून दोन आठवडे बघितले असते तर कदाचित पुढचं निम्मं नाटक टळलं असतं. नंतर डॉक्टरांनी कार्बोनेटच्या जागी सायट्रेट दिलंच. औषधांची यादी सगळेच मागतात, मीही मागते, पण "ही गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी वाढला" या दोन तारखा शेजारी ठेवून बघायच्या असतात. काकूंच्या बाबतीत त्या दोन्ही गेल्या वर्षीच्याच निघाल्या.

दुसरं, किवी बंद करायचा आठवडा आणि कॅल्शियम सुरू करायचा आठवडा वेगळा ठेवता आला असता. घरगुती प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलणं बोलायला सोपं आहे, पण घरात चार माणसं काळजी करणारी असली की प्रत्येक जण काहीतरी घालतो, एक दिवस मावशींनी पाठवलेला गुलकंदही वहीत सापडला.

किवी आधी की इसबगोल आधी, यावर माझं मत असं झालंय की पैशाची अडचण नसेल आणि फुगण्याचा त्रास असेल तर किवी, नाहीतर मोजून आणि हळू वाढवलेलं इसबगोल. फायद्यात फार फरक आहे असं चाचण्यांवरून म्हणता येत नाही. ओट्स आवडत असतील तर खावेत, पण भाकरी काढून त्याजागी नको.

आणि दोन्हीपैकी काहीच चाललं नसतं तर? मग तिसरं फळ शोधण्यात अर्थ नव्हता. काही जणांत मल मऊ असतो, दारापर्यंत येतो, पण तिथले स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात, बोट लावून काढावं लागतं. हे प्रश्न मी काकूंना पहिल्याच दिवशी विचारले होते, उत्तर नाही असं होतं. हो असतं तर पोटविकारतज्ज्ञांकडे स्नायूंची तपासणी आणि त्यांचं प्रशिक्षण हाच रस्ता, तिथे किवी किती का खा, अडथळा खालीच असतो.

सध्या काकू सकाळी पोळी-भाजी, रात्री भाकरी, इसबगोल मोजून घेतात, आणि मुलाने किवी आणल्या तर त्या आठवड्यात इसबगोल निम्मं करतात. ओट्सची राहिलेली पाकिटं नातू संपवतोय.